रिन्युअलचे फोन

आंधळगावच्या पार्वताबाईंचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात एका घरी पाणी शुद्ध करायची मशीन खोलून बसलो होतो.

"तुलारामभाऊ, रुखमा पाण्यानं गेली म्हणते? काहून सांगतलं नाही मले?"

माझी बायको जाऊन चार महिने झाले होते. अंगणात कपडे वाळत घालताना पडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

"कोण म्हणते, बाई?"

"तुमच्याच दुकानातली पोरगी. म्हणे, आमच्या मिस्त्रीनं स्वतःच्या घरच्या मशीनची एएमसी संपू देली, खराब पाणी पिऊन बायकोची किडनी गेली. मी तं मशीनचं पाणी फेकून देल्लं, बापा. लेकराईले बोअरचंच देऊन राहिली आता."

त्यांच्या बोअरचं पाणी मी दर खेपेला तपासतो. क्षार फार आहेत. मशीनचं चांगलं पाणी फेकून त्या नातवंडांना ते पाजत होत्या.

"आधी मशीन चालू करा," मी म्हणालो. "ते पाणी चांगलं आहे. मी थोड्या वेळात फोन करतो."

हेमराजच्या दुकानात मी पाण्याच्या मशीनची दुरुस्ती करतो. टीना फोन करते. ज्यांची एएमसी, म्हणजे मशीनच्या वर्षभराच्या देखभालीचा करार, संपत आला, त्यांना महिनाभर आधी मेसेज जातो, मग फोन. काम सरळ आहे. करार असला की ठरलेल्या सर्व्हिस होतात, फिल्टर बदलून मिळतात, मधे बिघाड झाला तर येण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. करार तुटला की पुन्हा सुरू करताना आधी मशीन तपासावी लागते, त्याचा खर्च गिऱ्हाइकावर. सांगायला एवढं पुरतं.

दुकानात आलो तर टीना फोनवर होती. मला पाहून तिनं फोन ठेवला.

"रुखमाचं काय सांगून राहिली तू लोकाईले?"

ती रडकुंडीला आली. "सर म्हणाले, भाऊ. नुसते फायदे सांगितले की लोक म्हणतात, पाहू. हे सांगितलं की लगेच हो म्हणतात."

हेमराज आतून आला. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात होता. थुंकून आला आणि हसला.

"एवढं काय मनावर घेता, भाऊ? नाव कुठे घेते ती? आमचा मिस्त्री म्हणते फक्त."

"आंधळगावात मिस्त्री म्हणून मीच जातो."

"वहिनी तं गेल्याच ना. त्याईच्या निमित्तानं चार घरचे लोक चांगलं पाणी पिऊन राहिले. पुण्यच आहे."

हाच माणूस तेराव्याला माझ्या पंगतीत जेवून गेला होता.

मी त्याच्यासमोर स्पीकरवर पार्वताबाईंना फोन लावला. रुखमा कशी गेली ते सांगितलं. आमच्या मशीनचा करार कधी तुटला नाही, हेही सांगितलं. मग कराराचं सांगितलं. तुमच्या मशीनचा मुख्य फिल्टर जुना होत आला आहे, या वर्षात बदलावा लागेल, करार ठेवला तर तो त्यातच बदलून मिळेल. नाही ठेवला तरी मशीन चालेल, पण तो फिल्टर विकत घ्यावा लागेल. घाई नाही, तारखेच्या आत कळवा.



"खोटं बोलली म्हणजे ती पोरगी?"

"हो, बाई."

"थुत् तिच्या! करून टाका रिन्युअल. रुखमा माझ्या हातची अंबाडीची भाजी खाऊन गेली होती. तिच्यासाठी म्हणून करते."

हेमराजनं टेबलावर थाप मारली. फोन बंद व्हायचीही वाट पाहिली नाही.

"पाहा! खोटं सांगा का खरं सांगा, वहिनीच्या नावावरच काम होते. आता हे फोन तुम्हीच करत जा, भाऊ. तुमच्या तोंडून जास्त चालते."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दात लाल झाले होते. एवढी किळस मला कधी कोणाची आली नव्हती, आणि त्यात थोडी माझीही होती. मी खरं बोललो होतो, तरी रुखमाला विकूनच बसलो होतो.

"रेंगेपारची तक्रार आहे," तो म्हणाला. "निघा."

मी टीनाच्या बाजूची खुर्ची ओढून बसलो.

"निघत नाही. तुम्ही जा."

"मशीन मी खोलू?"

"खोला."

"इथं बसून काय करता?"

"ऐकतो, टीना काय सांगते ते."

टीनानं पुढचा नंबर लावला. "नमस्कार जी, तुमच्या एएमसीची तारीख जवळ आली..." तिनं सर्व्हिस सांगितली, फिल्टर सांगितले, करार तुटला तर काय होतं ते सांगितलं. पलीकडचा म्हणाला, पाहू पुढच्या महिन्यात.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं. "पाहिलं? गेलं गिऱ्हाईक."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "लाव, टीना. पुढचा."

ती लावत राहिली. संध्याकाळपर्यंत दोघंच हो म्हणाले. हेमराज रेंगेपारला गेला नाही, तिथली माणसं फोनवर शिव्या घालत होती. मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही मी तीच खुर्ची ओढली.