अकरावा स्नॅपशॉट

त्या केंद्रात आवाज सांभाळून ठेवायचे. अगदी खरेखुरे, माणसांचे आवाज! ज्यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं असे, ज्यांची वाचा कायमची जाणार असे, ती माणसं आधी इथे यायची. काचेच्या खोलीत बसून शेकडो वाक्यं वाचायची. ऑपरेशननंतर जखम भरली की परत यायची, आणि त्या वाक्यांवरून त्यांच्यासाठी एक बोलकं यंत्र तयार व्हायचं. बोटांनी टाइप करा, यंत्र तुमच्याच आवाजात बोलणार. भांडासुद्धा तुमच्याच आवाजात.

हे सगळे आवाज जिच्या ताब्यात होते तिला सगळे सर्व्हरताई म्हणत. ताई मुलखाची सावध. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारी, आणि जिना उतरून परत वर जाऊन चौथ्यांदा ओढणारी.

त्या सकाळी बाहेरच्या बाकावर बसवाले काका बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, गळ्याभोवती पांढरी पट्टी, मांडीवर लिहायची पाटी. शेजारी त्यांची लेक. आज त्यांचं यंत्र बनायचं होतं, म्हणून काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसं काही फोटोच काढायचा आहे.

"ताई, जरा इकडे येता का?" काचेच्या खोलीतून कानसेनने हाक मारली. कानसेन म्हणजे तिथला रेकॉर्डिंग करणारा पोरगेला तंत्रज्ञ. डास कुठल्या खोलीत गुणगुणतोय हे तो भिंतीपलीकडून सांगायचा, म्हणून हे नाव. पण आत्ता त्याचा आवाज अगदीच बारीक झाला होता.

"काय रे, भूत बघितलंस का?"

"भूत असतं तर बरं झालं असतं. काकांचं फोल्डर नाहीये."

"नाहीये म्हणजे? सर्व्हरवर बघ ना."

"सर्व्हरवरच बघतोय. कुणाचंच नाहीये. या आठवड्यात आलेले तिघं सोडले, तर एकही नाही."

ताईने त्याच्या हातातून माउस जवळजवळ हिसकावूनच घेतला. खाली, वर, परत खाली. तीन फोल्डर. जिथे पाचशेच्या वर माणसं होती तिथे तीन.

मग तिला डिस्क आठवली. मागच्या आठवड्यात काचेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची डिस्क मेली होती. कानसेनने त्याच दिवशी नवी कोरी डिस्क बसवली, जुन्याच नावाचं रिकामं फोल्डर केलं आणि हुश्श म्हणून कामाला लागला. इकडे रोज सकाळी सिंक चालायचं. सिंकचं काम एकच: काचेच्या खोलीत जे आहे तेच हुबेहूब सर्व्हरवर ठेवायचं. तिथे नवं आलं तर इथे आणायचं, तिथे नसेल तर इथूनही काढून टाकायचं. त्या बिचाऱ्याला काय कळणार की आवाज कुणी मुद्दाम पुसलेले नाहीत, डिस्कच कोरी आहे? त्याने इमानदारीत झाडू मारला.

"मी सिंक बंद करायला हवं होतं ना," कानसेन म्हणाला. त्याचे कान खरंच लाल झाले होते. "ताई, मला काढून टाकतील का?"

"गप्प बस. आधी रडायचं का शोधायचं?"

आणि ताई हसलीसुद्धा, कारण तिला स्नॅपशॉट आठवले. सर्व्हर रोज सकाळी स्वतःचा एक स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणी आत काय काय आहे त्याचा फोटोच म्हणा ना. नंतर काहीही पुसलं गेलं तरी त्या फोटोत शिरून ते बाहेर काढता यायचं. तिने यादी उघडली. दहा स्नॅपशॉट, ओळीने. सगळ्यात जुना, अगदी तळाचा, डिस्क मेली त्या दिवशी सकाळचा. तिने तो उघडून बघितला. पाचशेच्या वर फोल्डर. त्यांत काकांचं. त्यांत सगळी वाक्यं.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने एक फाइलही वाजवून बघितली. "आज बाजारात गर्दी फार आहे," काका जाड, थोड्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आहेत! सगळे आहेत!" कानसेनने टाळी वाजवली. "ताई, तुमच्या पाया पडतो!"

ताई दार उघडून बाहेर गेली. "जरासा घोळ झालाय," ती काकांच्या लेकीला म्हणाली, "पण आवाज सुखरूप आहे. आत्ताच ऐकला मी. तासाभरात काम सुरू होईल."

लेकीने डोळे पुसले. "तुम्हाला सांगते ताई, आईला दिसत नाही. आता बाबा पाटीवर लिहितात, पण तिला काय उपयोग? ते घरात नुसते चालतात. ती म्हणते, घरात कुणीतरी परका माणूस फिरतोय असं वाटतं गं. आज सकाळपासून फोन घेऊन बसलीय."

काकांनी पाटीवर लिहिलं, "तिच्याशी पहिलं भांडणार आहे. औषध घेत नाही." लेक फिसकन हसली. ताईही हसली. काकांचे खांदे हलले, पण आवाज नाही आला.

ताई परत खुर्चीत बसली आणि रीतसर कामाला लागली. आधी सिंक बंद केलं, नाहीतर इकडे फोल्डर परत आणायचे आणि उद्या सकाळी त्याने पुन्हा झाडून टाकायचे. मग विचार केला की अख्खा सर्व्हर त्या जुन्या दिवसावर मागे न्यायचा नाही. तसं केलं तर या आठवड्यात आलेल्या तिघांचे आवाज सर्व्हरवरून जातील. जुन्या स्नॅपशॉटमधून फक्त हरवलेले फोल्डर बाजूला काढायचे, तपासायचे, मग जागेवर ठेवायचे. सगळं बरोबर. एक इकडचं तिकडे नाही.

आणि मग तिने कुलूप चौथ्यांदा ओढलं.

तिची सवयच होती ती. कशालाही हात लावण्याआधी, आत्ता जसं आहे तसं जपून ठेवायचं. आपल्याच हातून काही बिघडलं तर परत यायला वाट हवी. तिने बटण दाबलं: आत्ताचा स्नॅपशॉट घ्या. घेतला. किती शहाणपणाचं काम! कुणीही शाबासकी द्यावी असं.

ती यादीकडे वळली. दहा स्नॅपशॉट. वर तिचा, आत्ताचा. तिने तळाशी बघितलं.

तळाशी डिस्क मेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता.

"ताई?" कानसेन म्हणाला. "काय झालं?"

ताईने यादी पुन्हा मोजली, मग बोट लावून पुन्हा. दहाच. जागा पुरत नाही म्हणून दहाच ठेवायचे हा नियम तिनेच घातला होता, कधीतरी, चहा पिता पिता. अकरावा आला की सगळ्यात जुना आपोआप बाहेर. आणि सर्व्हरला हाताने घेतलेला काय, आपोआप घेतलेला काय, सगळे सारखेच. जुन्या स्नॅपशॉटला टाचणी मारून ठेवायची सोयसुद्धा होती. एक चौकोन, त्यात एक खूण, की तो स्नॅपशॉट जागचा हलणार नाही. तेवढी खूण करायचं तिला सुचलं नाही, कारण ती सावधपणा करण्यात गुंतली होती.

"मी घालवला," ती म्हणाली.

"काय?"

"स्नॅपशॉट. तो चांगला. मी घालवला रे."

सर्व्हरवाल्या कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. गोड बोलून म्हणाला की स्नॅपशॉट गेला की त्याची जागा लगेच मोकळी होते, मॅडम, आमच्याकडून काही नाही करता येणार. मेलेल्या डिस्कचं काय? तिचा तर आधीच भुगा झाला होता, कानसेननेच पाठवली होती दुरुस्तीवाल्याकडे. तो म्हणाला होता, पत्र्याच्या डब्यात खडे वाजतात तशी वाजतेय, विसरा.

राहिला दुसऱ्या दिवशीचा स्नॅपशॉट. त्या सकाळी सिंक झाडू मारत असतानाच सर्व्हरने फोटो घेतला होता. एरवी तोवर सिंक आटोपलेलं असे, पण त्या दिवशी पुसायलाच एवढं होतं की ते मध्येच सापडलं. यादीतले पहिले फोल्डर गेलेले, शेवटचे शाबूत. ताईने आधी त्याला खुणेची टाचणी मारली. काकांचं फोल्डर बरोबर त्या काठावर होतं. आतली वाक्यं ओळीने पुसली गेलेली. उरली होती एक. अगदी शेवटची फाइल.

कानसेनने वाजवली. खुर्ची करकरली, पंखा घरघरला, आणि काका म्हणाले, "झालं ना? बंद कर मग ते."

बस्स.

"यावर यंत्र नाही बनणार," कानसेन हळूच म्हणाला. ताईलाही ते माहीत होतं. त्यांच्या यंत्राला शेकडो स्वच्छ वाक्यं लागत. "मी सांगू का त्यांना? चूक माझीच आहे सुरुवातीची."

"तुझी चूक मी निस्तरली होती," ताई म्हणाली. "सांगायला मीच जाणार."

तिने सांगितलं. काहीही न गाळता. आवाज होता, मी ऐकला, आणि माझ्याच हाताने गेला. लेक आधी समजलीच नाही. "पण तुम्हीच म्हणालात ना, सुखरूप आहे म्हणून?" ती तीनदा म्हणाली. घरच्या फोनमध्ये काही? नाही हो, आईला दिसत नाही म्हणून व्हिडिओ काढायची पद्धतच नाही आमच्याकडे. दुसरा कुठला तरी आवाज देऊ यंत्राला, तयार आवाज असतात, चांगले असतात, ताई म्हणाली आणि स्वतःचीच तिला किळस आली.

काकांनी पाटीवर काही लिहिलं, मग हातानेच पुसलं. कुणालाच वाचू दिलं नाही. नंतर फक्त लिहिलं, "उरलंय ते द्या."

कानसेनने ती एक फाइल त्यांच्या फोनवर टाकली. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. आई. लेकीने बाबांकडे बघितलं. काकांनी फोन स्पीकरवर ठेवायची खूण केली.

"काय गं, झालं का? मिळालं का यंत्र?" काकूंचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला.

काकांनी आपला फोन पुढे धरला आणि अंगठा दाबला.

"झालं ना? बंद कर मग ते."

पलीकडून काकू ओरडल्याच. "अगंबाई! अहो! तुम्ही? खरंच तुम्हीच का हो? बोला ना!"

काकांच्या अंगठ्याखाली बोलायला दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबला.

"झालं ना? बंद कर मग ते."

"अहो, काय बंद करू? सकाळपासून वाट बघतेय मी. असं काय करता? दुसरं काही बोला."

काकांनी लेकीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि अंगठा तसाच हवेत धरून उभे राहिले. लेकीने तोंडावर हात दाबला होता. सांगायला कुणीतरी हवं होतं.

"काकू," ताई पुढे होऊन म्हणाली, "मी इथली सर्व्हर बघणारी बोलतेय."

"तुम्ही थांबा हो जरा," काकू म्हणाल्या. "ते बोलतायत ना आत्ता. बोलू द्या त्यांना."