एस, एम, एल असंच लिवा

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून अंजनाबाईंचं विकायच्या शर्टांचं गाठोडं पोलिसांनी उचलून चौकीत आणलं, त्या रात्री त्यांना चूल पेटवायची इच्छाही उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट चौकीत येऊन बाकावर बसल्या. गाठोडं गेलं तर धंदा गेला, आणि चोर म्हणून नाव पडलं तर बाजारात पाय ठेवायची सोय नव्हती.

तक्रार कापडाच्या दुकानदाराची, चंद्रभानची होती. "माह्या दुकानातले वीस शर्ट गेले अन् बाईजवळ तसेच चौकडीचे सापडले. आता अजून का पायजे?"

हवालदार मारोतरावांनी कागद वाचला. "वीस शर्ट, नंबर अडतीस, चाळीस, बेचाळीस."

"हवालदार साहेब," अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "माह्या शर्टाच्या गळ्यात नंबर कुठं हाये?"

मारोतरावांनी एक शर्ट उलटा केला. कंपनीची पट्टी अर्धी कापलेली, खाली बारीक पट्टीवर नुसतं 'एल'.

"परदेशी जायचा माल हाये हा. तपासणीत नापास झाला की मुंबईचा व्यापारी आम्हाले गाठोड्यानं विकते. कंपनीचं नाव कापून टाकते, माप तसंच राहते. इथल्या शिंप्याचा शर्ट इंचात, छातीवरून. अमेरिकेकडच्याले बहुतकरून अक्षर, एस, एम, एल."

चंद्रभान हसला. "पट्ट्या बदलवल्या असतील गा बाईनं. बेचाळीस काढून एल शिवायले किती वेळ लागते?"

"मंग शिवण पाहा न गा," अंजनाबाई हवालदारांना म्हणाल्या.

पट्टी कॉलरच्या शिवणीतच अडकलेली होती. उसवल्याची खूण नव्हती, जुनं भोक नव्हतं, दोरा सगळीकडे एकच. तरी चंद्रभान मान हलवीत राहिला. म्हणून अंजनाबाईंनी त्याच्याच दुकानातला बेचाळीसचा शर्ट मागवून घेतला, दोन्ही टेबलावर पसरले आणि कमरेला खोचलेला मोजायचा टेप काढला. छाती जवळपास सारखी भरली. बाही मात्र एलची दोन इंच लांब.

"घालून पाहा शेटजी," त्या म्हणाल्या, "माप बेचाळीसच हाये न तुमचं?"

चंद्रभानने घातला. बाहीचं बटण लावूनही कफ बोटांच्या पेरांवर आला. मारोतराव हसू दाबत म्हणाले, "तुमच्या दुकानात असे लांब हाताचे गिऱ्हाईक येतात का गा?"

"राहू द्या," चंद्रभान शर्ट उतरवत पुटपुटला. "घेऊन जा बाई तुमचं गाठोडं. माह्याकडून झालं गेलं."

मारोतरावांनीही गाठोडं पुढे सरकवलं. अंजनाबाईंनी त्याला हात लावला नाही.

"बाजारात माह्या गाठोड्यामागं चार माणसं चोर चोर करत आली. आता मी काहून गुपचूप जाऊ? माल माहा हाये असं लिहून द्या. शेटजींची सही पायजे."

"बाई, उगाच वाढवू नका," मारोतराव म्हणाले.

"मी बसली हावो. आज मले घाई नाही."

मग मारोतरावांनी कोरा कागद ओढला आणि लिहू लागले. चंद्रभानने सही करण्याआधी अंजनाबाईंनी कागद हातात घेऊन नीट वाचला, आणि परत सरकवला.

"इथं 'बेचाळीस' लिहून ठेवलं तुम्ही. ते खोडा. एस, एम, एल असंच लिवा."