चव्वेचाळीसपैकी एक्केचाळीस

लोरेटाच्या रेझ्युमेवर तिसऱ्या ओळीतला आकडा बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक होता : 'ऑडिटच्या शिफारशी स्वीकारल्या, ४४ पैकी ४१.' चार वर्षं ती हा कागद नुसता चकचकीत करत होती. पाठवत मात्र कुठेच नव्हती.

ओमाहातल्या विमा कंपनीच्या कँटीनमध्ये तिचा सहकारी ऑडिटर ड्वेन चिलीत, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्शात, दालचिनीचा गोड रोल बुडवत तिचा रेझ्युमे वाचत होता.

"व्याप्ती : दावे, पगार, संगणकाचे प्रवेश. ठीक. चाचणी : विचारणं, बघणं, कागद तपासणं, स्वतः पुन्हा करून पाहणं. तेही ठीक. पण बाई, या एक्केचाळीसपैकी अमलात किती आल्या?"

"स्वीकारल्या, एवढंच लिहिलंय."

"साहेब लग्नाची निमंत्रणंही स्वीकारतात. जातात का?"

लोरेटाने लॅपटॉप उघडून पाठपुराव्याची यादी मोजली. पुराव्यासकट बंद झालेल्या शिफारशी अकरा निघाल्या. नोकरी सोडून गेलेल्यांची संगणकावरची खाती बंद करा, ही शिफारस तर साहेबांनी तीन वर्षं स्वीकारून दरवेळी मुदत पुढे ढकलली होती. यंदा तपासणीसाठी निवडलेल्या अशा पंचवीस जणांच्या नमुन्यात सहा खाती चालूच होती. त्यातलं एक तिच्या आधीच्या ऑडिटरचं.

तिने त्या ओळीत भर घातली : 'प्रत्यक्ष अमलात, ११.'

"हे वाचून नोकरी कोण देईल?" ड्वेनने विचारलं.

"जे मुलाखतीत याचं कारण विचारतील, ते," म्हणत तिने रेझ्युमे पाठवून दिला. "पुढच्या नमुन्यात माझं खातं घे, ड्वेन. मी आज राजीनामा देतेय."