एकतीस मे

व्यायामाच्या क्लबात सगळे त्यांना काका-काकू म्हणत. काका तलावात पोहायचे आणि काकू काचेपलीकडच्या चालण्याच्या यंत्राच्या पट्ट्यावर चालायच्या. काकूंना व्यायामाची हौस कधीच नव्हती. नवरा निवृत्त झाल्यावर घरात एकटं बसून काय करायचं म्हणून त्या त्याच्या मागोमाग आल्या आणि मग येतच राहिल्या. पट्ट्यावर चालता चालता काचेतून त्यांना काकांचं पांढरं डोकं पाण्यात वर-खाली होताना दिसायचं. ते दिसेनासं झालं की काकूंची चाल चुकायची, आणि पुन्हा वर आलं की त्या स्वतःवरच चिडायच्या. इतकी वर्षं पोहणाऱ्या माणसाची काळजी करायची म्हणजे कमालच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोघं नेहमीच्या वेळी आले, पण कपडे न बदलता थेट काउंटरपाशी गेले. मार्चच्या एक तारखेला ते लेकीकडे निघणार होते. परतीची तिकिटं एकतीस मेची होती. तेवढे दिवस दोघांचीही मेंबरशिप थांबवून ठेवायची होती, म्हणजे बंद राहिलेले दिवस वर्षाच्या शेवटी जोडून मिळाले असते. अर्ज महिना संपायच्या आत द्यावा लागतो, कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी ते लिहावं लागतं, हे काकूंनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं.

फोनवर त्यांनी आणखीही एक गोष्ट केली होती, आणि ती त्यांनी काकांच्या कानावर घातली नव्हती.

काउंटरवरची मुलगी गोड बोलायची. तिने संगणकात पाहिलं आणि काकांना हळूच विचारलं, डॉक्टरांचं पत्र आणलंय का, कारण काकूंनी आजारपणासाठी म्हणून सांगितलं होतं. हळूच विचारलं खरं, पण शेजारी पोहण्याचा कोच हजेरी लावत उभा होता. त्याचा हात थांबला. त्याने काकांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

काकांनी तलावावरच्या आपल्या टोळक्याला फक्त लेकीकडे जातोय एवढंच सांगितलं होतं. रक्तात काय निघालं, लेकीच्या शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात किती दिवस राहावं लागेल, यातलं अवाक्षरही त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं. दया दाखवणाऱ्या माणसांची त्यांना मनस्वी चीड होती. आणि बायकोनेच सगळ्याचा बोभाटा केला होता.

काकू घाईघाईने खुलासा करू लागल्या. प्रवासासाठी एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, आजारपणासाठी सहा. डॉक्टर म्हणाले होते की पहिले तीन महिने उपचार करून पाहू, मग पुढचं ठरवू. ते पुढचं लांबलं तर? हातात सहा महिने असलेले बरे, असा त्यांनी साधा हिशेब केला होता. उन्हाळी सुट्टीत पाहुणे येणार म्हटल्यावर दोन गाद्या जास्तीच्या काढून ठेवाव्यात, तसा.

"काकू, पण त्यात एक अट आहे," मुलगी म्हणाली. आजारपणासाठी थांबवलं तर पुन्हा सुरू करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, पोहायला हरकत नाही असा. दाखल्याशिवाय कार्ड चालत नाही. प्रवासाला तसलं काही नसतं, तिकीट दाखवलं की झालं. दिलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होतं.

हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. काका मात्र सगळं आधीच वाचून बसले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. म्हणून तर ते घरी सारखे म्हणत होते, प्रवास लिही, प्रवासच लिही. काकूंना वाटलं होतं, माणूस नुसता हट्टाला पेटलाय. तो दाखला कुणी देणार नाही, ही भीती त्या हट्टाच्या पोटात होती, हे त्यांना आत्ता, काउंटरपाशी, परक्या मुलीसमोर कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढून टाका ते आजारपण," त्या म्हणाल्या. "प्रवासच लिहा. दोघांचंही."

मुलगीही बिचारी लगेच तयार झाली. दोघांची तिकिटं होतीच. पण काकांनी काउंटरवर हात ठेवला. काचेपलीकडे तलावात कुणीतरी सरळ रेषेत पोहत होतं, तिकडे ते बघत राहिले. काकूंना वाटलं, आता सगळा राग बाहेर पडणार. पडला असता तर बरंच झालं असतं.

"माझं आजारपणच राहू दे," काका म्हणाले. "ते खरं आहे. पत्र आहे माझ्याकडे."

पत्र खरोखरच त्यांच्या खिशात होतं. म्हणजे घरून निघतानाच ते दोन्हींची तयारी करून निघाले होते.

"मग माझंही ऑगस्टपर्यंतच करा," काकू म्हणाल्या.

मुलीने ओशाळून सांगितलं की तसं करता येत नाही. ज्याचं आजारपण, त्यालाच सहा महिने. काकूंना प्रवासाचे तीनच. हवं तर एकतीस मेच्या आधी ईमेल केला तर एकदा मुदत वाढवता येते.

"ही ईमेल करणार नाही," काका म्हणाले. "एकतीस मे लिहा."

काकूंनी पेन खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून दोघांची कुठलीही तारीख वेगवेगळी नव्हती. यांची ऑगस्ट आणि आपली मे, असं लिहायचं म्हणजे यांनी आत्ताच कुठेतरी आपला हात सोडून दिला, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना संताप आला. त्यांनी कोचकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही.

"मी एकटी इथे येऊन काय करू? काच बघू?"

काकांनी मुलीला लॉकरचं विचारलं. आजारपणात लॉकर रिकामा करून द्यावा लागतो, प्रवासात तसाच राहतो, हेही त्यांना ठाऊक होतं. लॉकर इतकी वर्षं त्यांच्याच नावावर होता, काकू आपले बूट त्यात कोंबून ठेवत. आता तो काकूंच्या नावावर करा, असं त्यांनी सांगितलं. मुलीने दोन कळा दाबल्या आणि काम झालं.

मग ते लॉकरपाशी गेले. काकू मागोमाग गेल्या, सवयच ती. काकांनी आपला टॉवेल काढून घेतला, टोपी काढून घेतली. पोहण्याचा चष्मा हातात घेऊन बोटाने त्याची काच पुसली आणि तो परत आत, काकूंच्या बुटांवर ठेवला. कुलूप लावलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली.

"घरात बसून राहशील तू," ते म्हणाले. दिलेली किल्ली त्यांनी अजून सोडली नव्हती. "मी तुला ओळखत नाही का? तीन महिन्यांनी मी बरा असेन, दवाखान्यात असेन, नाहीतर नसेन. तुझं कार्ड चालू असलं पाहिजे. बूट न्यायला तरी येशील."

काकूंना खूप बोलायचं होतं. मला नको तुमचं कार्ड, मला नकोत बूट, मला तुम्ही पाहिजे, हे सगळं ओठांवर आलं. पण समोरचा माणूस घाबरला होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो घाबरलेला दिसला, आणि घाबरून त्याने आपली सोय पाहिली नव्हती, त्यांची पाहिली होती.

त्या काउंटरपाशी परत गेल्या आणि सही केली. कुठपासून, एक मार्च. कुठपर्यंत, एकतीस मे. कारण, प्रवास. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं.

"महिना संपेपर्यंत तर चालू आहे ना?" त्यांनी मुलीला विचारलं. ती हो म्हणाली.

काकू नवऱ्याकडे वळल्या. "मग टोपी परत आत ठेवा. उद्या यायचंय," त्या म्हणाल्या. "आणि मी पट्ट्यावर चालणार नाही. मला काठावर बसायचंय. काच नको मध्ये."