अडलं

जवळा बाजार गावातल्या छापखान्यात कोमलनं रचलेला पत्त्यांचा खेळ छापायला घेतला होता. एक ते तेरा आकड्यांचे पत्ते, मधे दोन उघडे ढीग. पाळी कुणाचीच नाही. ढिगावरच्या आकड्याहून एकानं कमी किंवा जास्त पत्ता ज्याच्या हाती असेल त्यानं तो टाकायचा. हातातले आणि आपल्या गठ्ठ्यातले पत्ते आधी संपवील तो जिंकला. पत्ता बसत नाही म्हणून दोघंही "अडलं" म्हणाले, की राखीव गठ्ठ्यातला एकेक पत्ता दोन्ही ढिगांवर एकदम उलटायचा.

नियमांचा कागद छापण्याआधी छापखान्याचा मालक कामरान आणि त्याची बायको अजरा कोमलसमोर खेळून बघत होते. डाव सुसाट चालायचा आणि मधेच थिजायचा.

"अडलं," कामरान म्हणाला.

अजरानं बघितलं, ढीग तसेच. पत्ते छातीशी.

"म्हण की अडलं! काहून थांबून राहिलीस?"

"बघून राहिले."

कोमलला कामरानचा संशय होता. बायकोकडून हरायचं नाही म्हणून तो पत्ता दाबतो, असं तिनं मनाशी धरलं होतं. अडलं म्हणताना तो छताकडं बघायचा.

"भाई, पत्ते दाखवा."

ढिगांवर आठ आणि तेरा होते. कामरानच्या हातात नऊ निघाला.

"मला वाटलंच!" कोमल म्हणाली. "भाभी, तुमच्याशी लबाडी करून राहिले हे."

अजरानं पत्ते खाली ठेवले नाहीत. कोमल तिच्याकडं वळली. "तुमचेही बघू."

सात होता.

"मी सात टाकला असता तर यांच्याकडं सहा असला की तो लगेच बसला असता," अजरा म्हणाली. "मी अडलं म्हणेपर्यंत नवा पत्ता तर उलटत न्हाई. मग थांबायला माझं काय जातं?"

"मीबी तेच म्हणतो," कामरान म्हणाला. "नऊ टाकला की हिचा दहा."

कोमल चिडली, पण थांबणाऱ्याचं काहीच जात नव्हतं, हे खरं होतं. तिनं नियमांच्या कागदावरचं "दोघंही" खोडलं. आता कुणीही एकजण अडलं म्हणाला, की मोठ्यानं तीनपर्यंत मोजायचं. मोजता मोजता पत्ता टाकता येईल. तीन झालं की दोन्ही ढिगांवर नवा पत्ता.

नव्या डावात ढिगांवर अकरा आणि पाच असताना कामरान छताकडं बघत म्हणाला, "अडलं."

कोमलनं मोजलं. तीन म्हणताच अकरावर चार पडला, पाचावर एक. कामरानच्या हातातला दहा तसाच राहिला.

"अरे, माझा दहा!"

त्यानंतर कुणी पत्ता दाबला नाही. हात हातांवर आपटत होते. अजरा जिंकली.

"छापू का?" कामराननं विचारलं.

"अजून एक डाव," कोमल म्हणाली.

अजरानं पत्ते पिसायला घेतले. "आता माझ्याकडंच बघून राहिलीस तू."

कोमलनं नजर हलवली नाही.