काचेची कड

“बाई, किंकाळ्या नसलेलं काही आलंय का?”

लिफ्टमनकाकांचा हा रोजचा प्रश्न. सदतीस वर्षं लिफ्ट वरखाली करून निवृत्त झालेला हा माणूस गुन्ह्याच्या गोष्टींचा वेडा. पण मुखपृष्ठावर रक्ताचा ओघळ दिसला, की पुस्तक दोन बोटांत धरून परत ठेवायचा. “मेलेल्या माणसाची जत्रा कशाला भरवायची? कसं शोधलं ते सांगा,” म्हणायचा. काकांसाठी ग्रंथपालबाईंनी न्यायसहायक विज्ञानाचा एक कप्पा उभा केला होता. ठसे, धागे, माती, काच. वाचनालयाचे चिटणीस त्याला ‘एका गिऱ्हाइकाचं दुकान’ म्हणत.

आज बाईंनी मान वर केली नाही. त्या अहवाल लिहीत होत्या. सकाळी वाचनकक्षाच्या खिडकीची काच फुटलेली सापडली होती. बाहेरून कोणीतरी दगड मारला आणि वॉचमन झोपला होता, असं चिटणिसांनी ठरवून टाकलं होतं. पाचच्या बैठकीत त्याला कामावरून काढायचं होतं.

“मग दगड कुठाय?” काकांनी विचारलं.

“उसळून बाहेर पडला असेल, म्हणतात.”

“वा! शहाणा दगड. काम झालं की घरी.”

दारात उभा असलेला वॉचमन हसला नाही. “बाई, पोराबाळांची शपथ, डोळा लागला नव्हता माझा. फाटकापर्यंत आवाजच आला नाही.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या नावावर एकही शेरा नव्हता, आणि समोर आलेलं लिहून मोकळं व्हायची त्यांना सवय होती. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

“काचा बाहेरही पडल्यात, आतही,” त्या म्हणाल्या.

“त्याला अर्थ नाही. काच दोन्हीकडे उडते. सहावं प्रकरण,” काका म्हणाले आणि कप्प्यातून पुस्तक काढून खिडकीपाशी गेले.

सुतार यायचा होता, म्हणून चौकटीतले तुकडे तसेच होते. खालच्या बाजूला एका जागेपासून तडे चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले होते. त्यांना जोडणारे काही गोल तडेही होते. काकांनी हात रुमालात गुंडाळला आणि आऱ्याच्या तड्यालगतचा एक तुकडा अलगद सोडवला.

“गोल तड्याची कड घ्यायची नाही, तिथं हिशोब उलटा होतो. ही घ्या. बाहेरची बाजू कुठली?”

“धूळ आणि पावसाचे डाग आहेत ती,” बाई म्हणाल्या. आता त्याही भिंग घेऊन वाकल्या होत्या.

तुकड्याच्या जाडीत, फुटलेल्या कडेवर, शिंपल्यावर असतात तशा बारीक वक्र रेघा होत्या. एका पृष्ठाला त्या काटकोनात भिडत होत्या. दुसऱ्याकडे कलत कलत जवळजवळ समांतर होत होत्या.

“आऱ्याच्या तड्यात काटकोन जिथं, त्याच्या उलट बाजूनं धक्का,” काका म्हणाले. “काच धक्क्यानं वाकते आणि पलीकडच्या अंगानं आधी फाटते. तुम्हीच सांगा, काटकोन कुठं?”

“धुळीच्या बाजूला.” बाईंनी भिंगातून पुन्हा पाहिलं. “म्हणजे धक्का आतून.”

“एका तुकड्यावर विसंबू नका.”

आणखी तीन तुकडे पाहिले. चारही तेच बोलले.

“बघा बाई!” वॉचमन पुढे सरसावला. “मी तर बाहेर होतो! आतून कुणी?”

“ते काच सांगत नाही,” काकांनी पुस्तक मिटलं. “फक्त बाजू सांगते. त्यापुढं बोलायचं नाही, असं यात बजावून लिहिलंय. म्हणून तर आवडतं मला.”

बाई मात्र तड्यांच्या केंद्राकडे बघत होत्या. कमरेच्या उंचीवर. पुस्तकांच्या ढकलगाडीच्या दांड्याची उंची तीच. खोलीची जमीन खिडकीकडे उतरती. म्हणून रोज जाताना गाडीच्या चाकाखाली लाकडी पाचर ठेवायची, हा नियम त्यांनीच केलेला. काल टेबलावर पाचर राहिली होती. सकाळी गाडी पडद्याला टेकलेली दिसली, ती त्यांनी सवयीनं मागे ओढली आणि मगच पडदा सरकवला. मध्ये जाड पडदा, फुटलेली काच त्याच्या पलीकडे. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, जोडल्या नव्हत्या.

त्यांनी गाडी हळूच खिडकीपर्यंत नेली. दांडा बरोबर आऱ्यांच्या केंद्रावर टेकला.

काका दुसरीकडे बघू लागले. “बाई, जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही हो. अजून कुणी...”

“पाचर मी ठेवली नव्हती. हे काचेला माहीत नाही, मला माहीत आहे.”

त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. तुकडे कसे पाहिले, काटकोन कुठे होता, पाचर कुठे होती. शेवटी ‘हलगर्जीपणा माझा’ लिहून सही केली आणि चारही तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून वर खुणा घातल्या.

“चिटणीस शेरा मारतील,” काका म्हणाले.

“मारू द्या. त्यांच्याही अक्षराला जागा हवीच की.”

बैठक संपून सगळे पांगले, तेव्हा बाईंनी दिवे मालवले, गाडीच्या चाकाखाली पाचर सरकवली आणि पर्स उचलली. रात्रपाळीवर आलेला वॉचमन दारातून आत आला. त्यानं बुटाच्या टोकानं पाचर आणखी थोडी आत लोटली, मग बाजूला होऊन त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला.