व्याख्येतले आबा

धुळ्याच्या कोर्टासमोर भाषांतराचा फलक लावून बसलेल्या दिपमालाकडे माणसं यायची ती पडलेला चेहरा घेऊन. जितेंद्र मात्र हसत आला. कॉलेजात एका बाकावर बसलेला मित्र तो, अमळनेरच्या झुलालआबांचा मुलगा. पुण्याची नोकरी सुटल्यावर चार महिने घरी होता. त्याने टेबलावर इंग्रजी कराराचा जाडजूड गठ्ठा टाकला. एका नावाजलेल्या चहाकंपनीची फ्रँचायझी तो घेत होता.

"बठ्ठं नको," तो म्हणाला. "रॉयल्टी, हद्द आणि करार रद्द करायची कलमं, एवढंच मराठीत कर. आबा जामीनदार आहेत. त्यांना समजल्याशिवाय ते सही करत नाहीत."

बेत साधा होता. जितेंद्रची नवी शाखा अमळनेरातच, धुळे रोडला, आणि आबांचं चहाचं दुकान स्टँडजवळ, जिथं आहे तिथंच. बाप आपल्या जागी, लेक आपल्या जागी. ही शाखा झाली नाही, तर दिवाळीनंतर परत पुणं गाठायचं, हेही त्याने सांगून टाकलं.

आबांचं नाव निघालं आणि दिपमालाचं मन कामावरून उठलं. कॉलेज सुटलं की ती आणि तिच्या मैत्रिणी त्याच बाकड्यावर बसायच्या. तेलाच्या गिरणीचा खमंग वास हवेत असायचा, कापसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या असायच्या. आबा ग्लास काठोकाठ भरायचे आणि वर अजून पी म्हणून आग्रह करायचे, "पोरी, पेपर शे ना आज? पे आखो." ते दिवस किती गोड होते हे त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. आता त्या दिवसांची आठवण आली की तिला सरळ रडू यायचं.

संध्याकाळी ती कामाला लागली. रॉयल्टीचं कलम सोपं होतं. एकूण विक्रीवर सहा टक्के, वर जीएसटी. नफ्यावर नव्हे, विक्रीवर. नफा होवो न होवो, महिन्याला ठरलेली किमान रक्कम द्यायचीच. हद्दीच्या कलमात अमळनेर शहर जितेंद्रला दिलं होतं, पण रेल्वे स्टेशन, हायवे आणि मोबाईलवरून येणाऱ्या ऑर्डरी कंपनीने स्वतःकडे ठेवल्या होत्या. म्हणजे ताट वाढलं, पण भाजी झाकून ठेवली. रद्द करण्याच्या कलमात चूक दाखवून सुधारायला तीस दिवस, नाही सुधारली तर करार संपला. मग पाटी, फोन नंबर सगळं परत, आणि भरलेली फी विसरायची. करार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर दोन वर्षं, पाच किलोमीटरच्या आत फ्रँचायझीने, म्हणजे शाखा घेणाऱ्याने, चहाचा दुसरा धंदा करायचा नाही.

इथपर्यंत ठीक. पण दिपमालाला एक खोड होती. शब्द कलमात आला की त्याची व्याख्या पहिल्या पानांत जाऊन पाहायची. तिने पाहिली, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. 'फ्रँचायझी' म्हणजे करार करणारी व्यक्ती, तिचा जोडीदार, आई-वडील आणि मुलं.

म्हणजे जितेंद्रने सही केली की आबांची शेगडी विझलीच. करार संपल्यानंतरची बंदी कोर्टात टिकेलच असं नाही, हे ती ज्या वकिलांची कामं करी त्यांच्याकडून ऐकून होती. पण करार चालू असतानाची बंदी टिकते, आणि आबा तर जामीनदार म्हणून स्वतः सही करणार होते. शिवाय भांडायचं तर लवादासाठी पुण्याला जायचं.

तिने फोन केला. जितेंद्रला ती व्याख्या वाचून दाखवली. तो म्हणाला, "कंपनीचा स्वप्नील म्हणतो, ते सगळीकडेच असतं, कोणी बघत नाही. दिपा, तो एक शब्द हळूच सोडून दे ना. आबांना कशाला त्रास?"

"खाली 'पूर्ण व खरे भाषांतर, वाचून दाखवले' असं लिहून मी सही करते, जितू."

"तू आबांचा चहा प्यायलीस, म्हणून म्हणतो."

"प्यायले, म्हणूनच," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला रागही आला आणि वाईटही वाटलं. हा पोरगा पुण्याला गेला तर आबा एकटे पडणार, हे तिलाही कळत होतं.

रविवारी ती एसटीने अमळनेरला गेली. तेलाचा वास आता नव्हता; बाकडं होतं. आबांचे केस कापसासारखे झाले होते. जितेंद्र खाली मान घालून बसला.

दिपमालाने वाचायला सुरुवात केली. "फ्रँचायझीने एकूण विक्रीवर हक्कशुल्क अदा करणे बंधनकारक राहील..." आबा तिच्याकडे नुसतेच पाहत राहिले, कीर्तनात झोप आलेल्या माणसासारखे.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "हाई कोनी भाषा शे? आपली बोलीमा सांग ना."

दिपमालाला ओशाळल्यासारखं झालं. आई गेल्यापासून अहिराणीत ती कुणाशी धड बोललीच नव्हती. धुळ्याला शुद्ध बोलायची सवय जडली, आणि घरची बोली माजघरातल्या भांड्यांसारखी पडून राहिली. तिने कागद बाजूला ठेवला.

"आबा, दिवसभरमा जे बिल व्हई, त्यामातीन शंभरमा सहा रुप्या कंपनीना. दूध, साखर, गॅस मंग. तोटा व्हयना तरी देना पडतस."

"बटाईना खयासारखं," आबांनी वाट्याच्या शेतीतलं खळं आठवून म्हटलं. "खयामा रास पडनी की पह्यले वाटा, मंग आपला खर्च."

"हा. अमळनेर जितूनं, पन स्टेशन आनि हायवे कंपनीना." मग तिने व्याख्येचा कागद पुढे ओढला. "आनि आबा, जितूनी सही करी, ते तुमनं दुकान बंद करनं पडी. करार शे तोवर, आनि त्याना नंतर दोन वरीस. तठे तुमले बी धरेल शे."

जितेंद्रने वर पाहिलं. हेच त्याने इंग्रजीत वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. घरच्या बोलीत ते ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

आबांनी उकळत्या पातेल्यात पळी फिरवली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं. "सही कोठे करानी?"

दिपमालाला विचारावंच लागलं. तेच तिचं काम होतं. "आबा, समजनं का तुमले बठ्ठं?"

"समजनं ना. दुकान बंद व्हई, पोऱ्या घर र्‍हाई."

जितेंद्र उठला. त्याने आबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कागद दिपमालाकडे सरकवले. तो म्हणाला, "कंपनीला इंग्रजीत पत्र लिही, दिपा. व्याख्येतून आई-वडील काढा आणि आबांचं दुकान चालू राहील असं लेखी द्या."

"ते बहुतेक नाही म्हणतील, जितू."

"मग करार नको."

आबांनी गॅस बारीक केला. मुलाकडे न बघता त्यांनी विचारलं, "मंग पुनाले जाशी का तू?"

"नही, आबा. आठेच दुकानवर बससू," जितेंद्र म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो बापाशी त्यांच्या बोलीत बोलला होता. आबांनी तीन ग्लास मांडले, आणि या वेळी चहा गाळून दिपमालानेच ते काठोकाठ भरले.